‘काय विचारायचं तेच कळत नाहीये’ एवढेच लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न कसा सापडावा?

कर्वे_रस्ता (धागाकर्ती)

नमस्कार. कोथरूडमधील एका लहान सेवाभावी गटात मी आठवड्यातून तीन संध्याकाळी काम करते. घरातील कमावती व्यक्ती गेल्यानंतर बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी आणि वारस नोंदीसाठी कुटुंबाला जी धावपळ करावी लागते, तिच्यात वाट दाखवणे एवढेच आमचे काम आहे. लोक आमच्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर लिहितात आणि आम्हीही लिहूनच उत्तर देतो. पुढील प्रसंग संबंधित बाईंच्या परवानगीने सांगत आहे, मात्र ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मंगळवारी रात्री सव्वानऊ वाजता त्यांचा संदेश आला : “मिस्टर गेले. काय विचारायचं तेच कळत नाहीये.” मी सांत्वनाचे एक वाक्य लिहिले आणि पाठोपाठ आमची नेहमीची यादी पाठवली. मृत्यूचा दाखला, बचत खाते, मुदत ठेव, आयुर्विमा, पीएफ, निवृत्तिवेतन, सोसायटीतील सदनिका, वाहन आणि कर्ज असे तिच्यात नऊ विषय आहेत, आणि शेवटी “यांपैकी कशाबद्दल माहिती हवी आहे?” असा प्रश्न आहे. त्यांच्या बाजूला ‘टायपिंग’ दिसू लागले, थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि सुमारे चार मिनिटांनी उत्तर आले : “बरं. बघते.” त्यानंतर आज दोन दिवस झाले, त्यांचे काहीच आलेले नाही.

यादीतील प्रत्येक ओळ बरोबर होती, तरीही ती पाठवून मी त्यांच्यापुढचे दार लावून घेतले असे मला सारखे वाटत आहे. अशा माणसाला आधी काय विचारायला हवे? आणि आता पुन्हा लिहायचे असेल, तर नेमके कोणते शब्द वापरावेत?

---

हिशोबनीस

यादी लांब झाली, एवढाच दोष मला दिसतो. दमलेल्या माणसाला मोकळा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर रचण्याचे कष्ट त्यालाच पडतात. त्याऐवजी ज्यांचे उत्तर हो किंवा नाही असे येते, ते प्रश्न विचारावेत. दाखला हातात आला आहे का? पगारातून पीएफ कापला जात होता का? खात्याला नॉमिनी आहे का? असे पंधरा-वीस प्रश्न ओळीने विचारले की पूर्ण चित्र आपल्यासमोर येते आणि पुढची दिशा आपणच ठरवून देऊ शकतो. मी अनेक वर्षे लोकांची विवरणपत्रे भरून देतो आणि हीच पद्धत वापरतो. शिवाय नॉमिनी म्हणून त्यांचे नाव असेल तर पैसे त्यांचेच झाले, त्यामुळे त्या एका उत्तराने अर्धे काम संपते.

---

जुना_ग्रंथपाल

मी एकतीस वर्षे ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसलो, आणि आपण वर्णन केलेला प्रसंग मला वेगळ्या रूपात रोज भेटत असे. टेबलासमोर उभे राहून “काय विचारावे ते कळत नाही” असे सहसा कोणी म्हणत नाही. माणूस “सहकाराची पुस्तके कुठे आहेत?” असे विचारतो, आणि पंधरा मिनिटे बोलल्यावर कळते की गावच्या पतसंस्थेत अडकलेली वडिलांची ठेव कशी सोडवायची हे त्याला हवे आहे.

रॉबर्ट टेलर या अमेरिकी अभ्यासकाने १९६८ साली एका लेखात याची उकल केली होती. माणसाची गरज आधी केवळ आतली अस्वस्थता असते आणि तिला शब्द नसतात. मग ती मनात अंधुक आकार घेते, नंतर तिचा नीट प्रश्न होतो, आणि सर्वांत शेवटी, समोरच्या टेबलावर काय मिळत असेल याचा अंदाज बांधून माणूस तो प्रश्न कापूनछाटून पुढे ठेवतो. आपल्या बाई पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मध्ये उभ्या आहेत, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितले आहे. सहकाराची पुस्तके मागणाऱ्यापेक्षा त्यांना मदत करणे मला सोपे वाटते, कारण त्यांचा चुकीचा प्रश्न आधी बाजूला काढावा लागत नाही. आपली यादी मात्र शेवटच्या पायरीवरच्या माणसासाठी आहे. यादीतून निवड करायची तर आपली अडचण कोणत्या नावाखाली येते हे आधी ठाऊक असावे लागते, आणि त्यांना नेमके तेच ठाऊक नाही.

यावर ब्रेंडा डर्विन आणि पॅट्रिशिया ड्यूडनी यांनी १९८६ साली मांडलेली रीत मी नोकरीची शेवटची वीस वर्षे वापरली. तिचे सार असे, की माणसाला विषय विचारू नये, प्रसंग विचारावा. काय घडले, वाट कुठे अडली, आणि मदत मिळाली तर तिचे पुढे काय करायचे आहे, या तीन गोष्टी त्याच्याकडून हळूहळू घ्याव्यात. ‘का’ हा शब्द टाळावा. “हे का हवे आहे?” म्हटले की माणसाला उलटतपासणी झाल्यासारखे वाटते आणि तो पुन्हा आत जातो.

समोरासमोर हे तिन्ही एकाच संभाषणात साधते. लिहिताना मात्र एका संदेशात एकच विचारणा ठेवावी, आणि सुरुवात शेवटच्या घटनेपासून करावी. मी असे लिहिले असते : “ताई, मागे पाठवलेली यादी सध्या बाजूला ठेवा. तो संदेश लिहिण्याच्या आधी, त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी, यासंदर्भात तुम्ही कुठे गेला होतात का, कुणी काही म्हणालं का, किंवा एखादा कागद हातात आला का? जे शेवटचं घडलं तेवढंच लिहा. तुटक लिहिलंत तरी चालेल.” घटना आठवण्यासाठी त्या विषयाचे ज्ञान लागत नाही. पतीचा पीएफ होता की नाही हे त्यांना सांगता येणार नाही, पण काल काय झाले हे त्या नक्की सांगू शकतील.

त्यांचे ‘टायपिंग’ दोनदा दिसले आणि त्यातून दोनच शब्द आले, हा आपल्या निवेदनातील सर्वांत महत्त्वाचा तपशील मला वाटतो. त्यांनी काहीतरी लिहून खोडले असावे, म्हणजे तेव्हा त्यांच्याजवळ शब्द होते, पण ते विचारण्याच्या लायकीचे आहेत असे त्यांना वाटले नसावे. “अर्धवट वाक्य असलं तरी पाठवा, टाइप करणं जड वाटत असेल तर बोलून पाठवा” एवढे जोडून पाहा.

हिशोबनीसांची सूचना मी पूर्ण नाकारत नाही. मोकळ्या विचारणेलाही उत्तर आले नाही, तर एकच बंदिस्त प्रश्न उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, “अडलं आहे ते एखाद्या कागदामुळे, की कुणाच्या बोलण्यामुळे?” पण वीस प्रश्न ओळीने विचारले तर आपला अर्ज भरून होतो आणि त्यांचा प्रश्न मात्र जन्मालाच येत नाही.

आपण योग्य जागी हात घातला की नाही, हे ओळखण्याची माझी खूण साधी आहे. समोरून येणारे उत्तर आपल्या प्रश्नापेक्षा लांब झाले, त्यात दिवस आणि ठिकाणे येऊ लागली, किंवा तो माणूस आपली चूक दुरुस्त करू लागला, तर वाट बरोबर आहे. “हो”, “बरं”, “बघते” असे येत राहिले, तर आपण अजून आपल्याच यादीत फिरत आहोत.

---

विमाननगरकर

त्या बाईंना माहिती कुठून मिळवावी हे कळत नाही, असा तुमच्या धाग्याचा अर्थ मी घेतला, म्हणून माझा अनुभव लिहितो. तीन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा सगळे मला “काही लागलं तर विचार” म्हणत होते, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की बाबांचा मोबाइल बंद करायचा की रिचार्ज करायचा. एवढ्या दुःखात हे विचारले तर लोक काय म्हणतील या संकोचाने मी कुणालाही विचारले नाही, आणि महिन्याभराने क्रमांक बंद करून टाकला. नंतर कळले की बँकेचे आणि विम्याचे सगळे संदेश त्याच क्रमांकावर येत होते, त्यामुळे कुठे काय आहे याचा मागच मी पुसून टाकला होता.

पुढे भावाने बाबांचे पासबुक भरून आणले. त्यात मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपये आणि २० रुपये अशा दोन वजावटी दिसल्या. बँकेचे शुल्क असेल असे मी धरून चाललो होतो. ते प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विमा या दोन योजनांचे वार्षिक हप्ते आहेत हे आत्याने सांगितले. जीवनज्योतीचे दोन लाख आईला मिळाले. सुरक्षा विमा अपघातासाठी असल्यामुळे आमच्या बाबतीत लागू झाला नाही. त्या बाईंना पासबुक भरून आणायला जरूर सांगा.

---

कर्वे_रस्ता

विमाननगरकर, आपण धाग्याच्या मूळ विषयाला धरूनच लिहिले आहे, कारण “मोबाइल बंद करायचा का?” हा तुमचा पहिला प्रश्न होता, आणि तो क्षुल्लक वाटल्यामुळे मनातच राहिला.

ग्रंथपालकाकांनी सुचवलेला मजकूर मी गुरुवारी रात्री जवळजवळ तसाच पाठवला. शुक्रवारी सकाळी अकराला उत्तर आले, ते जसेच्या तसे देते :

“मंगळवारी दुपारी बँकेत गेले होते. खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं नॉमिनी कोण आहे. मी म्हटलं माहीत नाही. ते म्हणाले मग घरून बघून या. घरी कुठं बघायचं? मागे रांग होती म्हणून काही बोलले नाही. घरी येऊन कपाट उघडलं आणि तशीच बसले.”

“घरी कुठं बघायचं?” हा प्रश्न मंगळवारपासून त्यांच्याजवळ होता. त्यांनी तो खिडकीवर गिळला आणि आम्हाला लिहितानाही गाळला, कारण नॉमिनी म्हणजे काय हे आपल्याला माहीत असायला हवे होते, असे त्यांना वाटत होते. हे त्यांनी नंतर सांगितले.

आता सगळे समजावून सांगावे असा मोह मला झाला, पण मी एवढेच लिहिले : “ताई, ‘घरी कुठं बघायचं’ हाच तुमचा पहिला प्रश्न आहे आणि तो अगदी बरोबर आहे. पासबुकाचं पहिलं पान बघा. खात्याला नॉमिनी नोंदवलेला असेल तर तिथे तसं छापलेलं असतं. मुदत ठेव असेल तर पावतीवरही बघा. दोन्हींचे फोटो पाठवलेत तरी चालेल.” त्यांनी लगेच विचारले, “कोऱ्या पासबुकावर पण असतं का? जुनं संपलं होतं.” पहिल्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा आला, आणि तो आणण्यासाठी मला काहीच करावे लागले नाही.

---

दिवाणी_वकील

हिशोबनीसांचे एक विधान तसेच राहू नये. बँकेच्या खात्यावरील नॉमिनी म्हणजे ज्याच्या हाती रक्कम सोपवली की बँक मोकळी होते तो माणूस. रक्कम कोणाच्या मालकीची हे वारसा कायद्याने ठरते, आणि नॉमिनीने ती वारसांच्या वतीने स्वीकारलेली असते. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली हेच म्हटले होते, आणि शेअर्सबाबतही २०२३च्या डिसेंबरमध्ये तीच भूमिका घेतली. विम्यात मात्र २०१५च्या दुरुस्तीपासून पत्नी, मुले किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे, म्हणून सगळ्यांना एकच उत्तर देऊ नये.

हे येथे सांगण्याचे कारण असे, की “नॉमिनी कोण?” हा प्रश्न त्या बाईंचा नाही, तो खिडकीवरच्या माणसाचा आहे. त्याला त्याचा अर्ज कोणत्या रकान्यापासून सुरू करायचा हे ठरवायचे होते. माझ्याकडे येणारे निम्मे अशील असाच दुसऱ्याचा प्रश्न आपला समजून घेऊन येतात. आता दाखवली आहे ती वाट योग्यच आहे, पण नॉमिनीचे नाव सापडल्यावर “या पैशाचं तुम्हाला पुढे काय करायचं आहे?” हे विचारायला विसरू नका. मुलांची फी भरायची असेल, दिराशी वाटणीचा वाद असेल किंवा कर्जाचा हप्ता थकला असेल, तर प्रत्येक वेळी पुढचा प्रश्न निराळा निघतो.

नॉमिनी नसेल तरी घाबरवू नका. रक्कम बँकेने ठरवलेल्या मर्यादेत असेल आणि वारसांत वाद नसेल, तर हमीपत्र घेऊन बँक दावा निकाली काढते. शिवाजीनगरच्या न्यायालयाची पायरी प्रत्येकाला चढावी लागत नाही.

---

मनोमन_औंध

मी समुपदेशक आहे. “काय विचारायचं तेच कळत नाहीये” या वाक्यामागे दर वेळी माहितीची गरज असतेच असे नाही. रात्री उशिरा आलेला संदेश, “आता कशालाच अर्थ नाही” अशा वळणाची वाक्ये, किंवा आपली कागदपत्रे दुसऱ्याच्या हवाली करण्याची घाई दिसली, तर प्रसंगाची विचारणा बाजूला ठेवून जिवाबद्दल सरळ विचारावे : “जीव नकोसा झालाय, असे विचार मनात येतात का?” असे विचारल्याने तो विचार कुणाच्या मनात नव्याने शिरत नाही. उत्तर होकारार्थी असेल, तर घरातील कोण सोबत आहे ते विचारावे आणि शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तेथे मराठीतून बोलता येते. “कपाट उघडलं आणि तशीच बसले” हे वाक्य मला थांबवणारे वाटले. त्याला आपण काही उत्तर दिले होते का?

---

कर्वे_रस्ता

दिले नव्हते. आपण लक्ष वेधल्यावर शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांना विचारले की सोबत कोण आहे आणि रात्री झोप लागते का. नणंद राहायला आली आहे, आणि पतीचे कपडे कपाटात तसेच असल्यामुळे ते उघडणे कठीण गेले, असे त्यांनी सांगितले. नणंदेने शोधून दिलेले पासबुक त्यांच्या हाती आले आहे. हे विचारायला मला उशीर झाला, हे मी मान्य करते.

---

हिशोबनीस

वकीलसाहेबांची दुरुस्ती मान्य. दुसरी शंका मात्र सोडवत नाही. त्यांचे पती खासगी कंपनीत असतील, तर पीएफसोबत ईडीएलआय ही विमा योजना बहुधा लागू असेल. तिच्यात कर्मचाऱ्याच्या पगारातून काहीच कापले जात नाही, वर्गणी मालक भरतो, त्यामुळे घरच्यांना तिचे नावही माहीत नसते. तिच्यातून सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. ज्याचे नावच ऐकलेले नाही त्याबद्दल त्या बाई कधीच प्रश्न विचारणार नाहीत. मग त्यांचा प्रश्न उगवण्याची वाट बघत बसायचे, हे मला पटत नाही. मृत्यू घरी झाला असेल तर नोंद २१ दिवसांत करावी लागते, आणि पुढे उशीर वाढेल तसे विलंब शुल्क, शपथपत्र, परवानगी असे वाढत जाते. तेही त्यांनी विचारल्यावरच सांगायचे का?

---

जुना_ग्रंथपाल

ज्याला तारखेची मर्यादा आहे ते न विचारताच सांगावे, एका वाक्यात आणि सर्वांत आधी. येथे मी आपल्याशी सहमत आहे, आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात हे यायला हवे होते. ईडीएलआयबाबत मी थोडा थांबेन. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळून त्या बँकेतून परत आल्या की “ते नोकरी कुठे करत होते?” एवढे विचारावे, म्हणजे तो विषय त्यांच्याच सांगण्यातून पुढे येईल. सात लाखांचा आकडा पहिल्याच दिवशी ऐकलेला माणूस पासबुकाचे पहिले पान उघडत नाही, असे मी पाहिले आहे.

---

हिशोबनीस

त्या परत लिहितील याची खात्री असेल तर थांबणे ठीक. मंगळवारनंतर त्या दोन दिवस गप्प होत्या, हे आपण विसरत आहात. मी तरी तेवढी जोखीम घेणार नाही.

---

कर्वे_रस्ता

या दोन मतांमध्ये माझे मन अजून ठरलेले नाही. तूर्त मी असे केले : दाखल्याची चौकशी शुक्रवारीच केली (मृत्यू रुग्णालयात झाला होता आणि नोंद झालेली आहे), आणि पीएफचा विषय आमच्या नोंदवहीत पुढच्या बुधवारची तारीख टाकून लिहून ठेवला, म्हणजे त्या गप्प राहिल्या तरी त्या दिवशी मी स्वतः लिहीन. नऊ विषयांची यादी पहिल्या संदेशात पाठवणे गटाने बंद केले आहे.

वकीलसाहेबांचे ऐकून मी आणखी एक गोष्ट केली. “सोमवारी खिडकीवर गेल्यावर काय विचाराल, ते तुमच्या शब्दांत मला लिहून पाठवा,” असे त्यांना सांगितले. माझ्याच वाक्याची नक्कल आली असती, तर प्रश्न त्यांचा झालेला नाही असे मी समजले असते.

शनिवारी दुपारी त्यांचे आले : “पासबुकावर ‘नॉमिनेशन रजिस्टर्ड’ एवढंच छापलंय, नाव नाही. लग्नाआधीचं खातं आहे, सासूबाईंचं नाव असेल तर? त्या जाऊन सहा वर्षं झाली. नाव कुणाचं आहे ते बँक मला सांगेल का, आणि ज्यांचं आहे त्याच नसतील तर काय करायचं?”

हे मला सुचलेही नव्हते. दाखल्याची प्रत, स्वतःचे ओळखपत्र आणि शाखा व्यवस्थापकांच्या नावे दोन ओळींचा अर्ज घेऊन सोमवारी साडेदहाला जायचे ठरले आहे. खिडकीवर न जाता थेट व्यवस्थापकांकडे जा, असे नणंदेने सुचवले आणि तीही सोबत जाणार आहे. वकीलसाहेब, नोंदवलेला नॉमिनी आधीच वारलेला असेल तर बँक ते खाते बिननॉमिनीचे धरते का, हे आपण सोमवारच्या आत सांगू शकलात तर मी त्यांना तसे कळवीन.